हेज फंडाची फी: तिसऱ्या वर्षीचे १० टक्के नक्की कशावर?

अनवट

आपल्याकडे 'हेज फंड' या नावाने नोंदणी होत नाही. सेबीच्या २०१२ च्या नियमांत तो श्रेणी ३ चा पर्यायी गुंतवणूक फंड, म्हणजे एआयएफ असतो आणि त्यात किमान १ कोटी घालावे लागतात. अशा एका फंडाचं माहितीपत्रक वाचतोय. शुल्काच्या पानावर चार ओळी आहेत: व्यवस्थापन शुल्क वर्षाला २ टक्के, परफॉर्मन्स फी २० टक्के, हर्डल रेट १० टक्के, हाय वॉटर मार्क लागू. हिशेब दर ३१ मार्चला.

पहिलं वर्ष समजतं. व्यवस्थापन शुल्क आणि खर्च वजा जाता १०० लाखांचे १३० झाले. हर्डलचे १० लाख सोडले, उरलेल्या २० लाखांवर २० टक्के म्हणजे ४ लाख फी, माझ्याकडे १२६. दुसऱ्या वर्षी २० टक्के पडला, १०० लाख ८० हजार राहिले. फी शून्य, तेही समजलं.

अडतंय तिसऱ्या वर्षी. समजा १४० लाख झाले. आता हर्डलचे १० टक्के कशावर धरायचे? १००.८ वर की १२६ वर? की पडलेल्या वर्षाचे १० टक्केही त्यात येतात? फंडाच्या विक्री प्रतिनिधीला विचारलं तर "सर, हाय वॉटर मार्क आहे, तुम्ही सेफ आहात" एवढंच उत्तर.

दादरकर

अहो, त्याचं बरोबर आहे की. मार्क म्हणजे याआधी फी दिल्यानंतर उरलेली सर्वात मोठी किंमत, इथे १२६. १४० उणे १२६ म्हणजे १४ लाख, त्यावर २० टक्के, २ लाख ८० हजार. आणि मार्क ओलांडेपर्यंत मॅनेजर फुकट राबणार. पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवा, म्हणजे पीएमएस, त्याच्या सेबीच्या परिपत्रकातलं उदाहरण असंच आहे: १० लाखांचे १२ झाले, मग ११ झाले, मग १३ झाले, तर शेवटी फी फक्त १ लाखावर. विषय संपला.

आबा_सांगली

मंडळी, एक विचारतो. १० टक्के हर्डल म्हणजे १० टक्के आधी आपल्याला मिळणारच ना? मग हे एफडीपेक्षा बरंच म्हणायचं.

रोकडनोंद

आबा, नाही हो. हर्डल हा फक्त मॅनेजरच्या फीचा उंबरठा आहे. फंडाने ४ टक्के कमावले तर तुम्हाला ४ च मिळतात, आणि पडला तर तोटा सगळा तुमचा. मॅनेजर १० टक्क्यांपर्यंत हिस्सा मागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दादरकर, तुमचं उदाहरण बरोबर आहे, पण त्या उदाहरणात हर्डलच नाही. अनवट यांच्या फंडात आहे, आणि प्रश्न त्याचाच आहे. शिवाय "फुकट राबणार" हे अर्धंच खरं. मार्कखाली असतानाही २ टक्के व्यवस्थापन शुल्क चालूच राहतं. १००.८ लाखांवर ते साधारण २ लाख होतं, वर १८ टक्के जीएसटी. मार्क फक्त परफॉर्मन्स फीला अडवतो.

आता मूळ प्रश्न. तिसऱ्या वर्षाचा हिशेब मी चार प्रकारे झालेला पाहिलाय. शुल्काच्या पानावर चारही ठिकाणी जवळपास याच चार ओळी असू शकतात. एकेक घेऊ.

मार्क नसता, तर वर्षाच्या सुरुवातीचे १००.८ धरायचे. नफा ३९.२ लाख, हर्डल १०.०८, उरलेल्या २९.१२ लाखांवर फी ५ लाख ८२ हजार. म्हणजे आधी पडलेले २५ लाख २० हजार परत मिळवून देण्यासाठीही मॅनेजर पैसे घेतोय. मार्क आला तो हे थांबवायला.

दुसरा प्रकार: मार्क आहे, पण हर्डल वर्षाच्या सुरुवातीच्या किमतीवर. मॅनेजर म्हणतो, दोन्ही अटी पुऱ्या केल्या की झालं. एक उंबरठा १२६, दुसरा १००.८ अधिक १० टक्के म्हणजे ११०.८८. मोठा तो खरा, म्हणून १२६. फी १४ लाखांवर २ लाख ८० हजार. दादरकरांचा आकडा बरोबर आला, पण बघा, हर्डल गायब झालंय. त्या वर्षी हर्डल ० असतं किंवा २० टक्के असतं, तरी फी तेवढीच.

तिसरा: हर्डल मार्कवर चढवतात. १२६ अधिक १० टक्के म्हणजे १३८.६. फी फक्त १ लाख ४० हजारांवर, म्हणजे २८ हजार.

चौथा: शेवटची फी घेतल्यापासून दर वर्षाचे १० टक्के साठत जातात. दोन वर्षं झाली, म्हणून १२६ गुणिले १.२१, म्हणजे १५२.४६. फी शून्य.

तोच फंड, तोच परतावा. फी ५ लाख ८२ हजार, २ लाख ८० हजार, २८ हजार किंवा शून्य. पहिल्या वर्षात चौघांचं उत्तर ४ लाखच येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

दादरकर

मान्य, हर्डल माझ्या डोक्यातून निसटलं. पण व्यवहारात दुसराच प्रकार जास्त दिसतो ना?

रोकडनोंद

सरसकट सांगता येणार नाही. दुसरा आणि तिसरा दोन्ही दिसतात. चौथा कमी, कारण दोन वाईट वर्षांनंतर उंबरठा इतका वर जातो की मॅनेजरला तो दिसतही नाही. एक्सेलमध्ये स्वतः करून बघा. B2 वर्षअखेरची किंमत, B3 मार्क, B4 वर्षारंभीची किंमत, B5 हर्डल, B6 फीचा दर, B7 शेवटच्या फीपासूनची वर्षं:

```
=MAX(0, B2-MAX(B3, B4*(1+B5)))*B6
=MAX(0, B2-B3*(1+B5))*B6
=MAX(0, B2-B3*(1+B5)^B7)*B6
```

वरून अनुक्रमे दुसरा, तिसरा, चौथा प्रकार. माहितीपत्रकातलं वाक्य यातल्या कुठल्या ओळीत बसतं ते ठरवता येत नसेल, तर वाक्य अपुरं आहे असं समजा आणि फंडाला ई-मेलवर विचारा. फोनवर नको.

शंकासुर

उदाहरण माहितीपत्रकातच द्यायला लागत नाही का? पीएमएसच्या करारात तर फीचं उदाहरण असतंच.

रोकडनोंद

असतं, पण कशाचं ते बघा. पीएमएसच्या तक्त्यात तीन रकाने: पोर्टफोलिओ २० टक्के वाढला, २० टक्के पडला, आहे तिथेच राहिला. तीनही एकाच वर्षाचे. मार्क आणि हर्डल यांची गाठ पडते ती तोट्यानंतरच्या वर्षात, आणि ते वर्ष तक्त्यात येतच नाही. म्हणून सलग तीन वर्षांचं उदाहरण मागायचं: वर, खाली, पुन्हा वर. अनवट यांनी वर दिलेले आकडेच पाठवा आणि म्हणा, "३१ मार्चची फी किती, ते लिहून द्या."

मृण्मयी_एनजे

इकडे अमेरिकेत उलटं चित्र आहे. 'टू अँड ट्वेंटी' म्हणतात त्या पारंपरिक रचनेत हर्डल बऱ्याचदा नसतंच, फक्त मार्क असतो. असलं तर ते सरकारी रोख्यांच्या अल्पमुदतीच्या व्याजाशी बांधलेलं, म्हणजे दर वर्षी बदलणारं.

अजून एक. अनवट यांनी हर्डलवरच्याच नफ्यावर फी धरलीये. ते कठोर हर्डल झालं. कॅच-अप असेल तर पहिल्या वर्षाचाच आकडा बदलेल. शंभर टक्के कॅच-अप म्हणजे १० लाखांपर्यंत सगळं तुमचं, त्यापुढचे अडीच लाख सगळे मॅनेजरचे, आणि साडेबारा लाखांनंतर ८० : २० वाटप. साडेबारावर मॅनेजरचे अडीच लाख झाले, म्हणजे बरोबर २० टक्के. त्याने आपला हिस्सा भरून काढला. ३० लाखांच्या नफ्यावर फी मग ४ नाही, ६ लाख. चांगल्या वर्षात हर्डल असून नसल्यासारखं.

अनवट

माहितीपत्रकात 'कॅच-अप' हा शब्द शोधला, कुठेच नाही. म्हणजे कठोर धरायचं का?

मृण्मयी_एनजे

शब्द नसला म्हणून अर्थ नसतो असं नाही. "हर्डल पार केल्यास एकूण नफ्यावर २० टक्के" असं काही लिहिलंय का बघा. तसं असेल तर ते कॅच-अपपेक्षा वाईट. ११ टक्के नफा झाला तर फी ११ लाखांच्या २० टक्के, म्हणजे २.२ लाख. तुमच्या हातात ८.८. फंडाने १० टक्केच कमावले असते तर तुम्हाला पूर्ण १० मिळाले असते. जास्त कमाई होऊन तुमचा परतावा कमी! नीट लिहिलेल्या कागदात फी दिल्यानंतर गुंतवणूकदार हर्डलच्या खाली जाणार नाही अशी अट असते. त्याच ११ टक्क्यांवर कठोर हर्डलची फी २० हजार आणि शंभर टक्के कॅच-अपची १ लाख.

शंकासुर

मला मुळात मार्क ही गोष्टच फसवी वाटते. २० टक्के पडलं तर परत यायला २५ टक्के लागतात. ५० पडलं तर १०० लागतात. तेवढी वर्षं फीविना कोण थांबतो? चांगली माणसं दुसरीकडे जातात, मॅनेजर फंड बंद करतो, पैसे परत देतो आणि वर्षभरात नव्या नावाने नवा फंड काढतो. नव्या फंडात मार्क नव्याने. जुना तोटा तुमच्या खात्यावर, आणि मार्क हवेत.

मृण्मयी_एनजे

हे होतं, नाकारत नाही. पण सगळेच पळत नाहीत. केन ग्रिफिन यांच्या सिटाडेल या अमेरिकी हेज फंड कंपनीचे मुख्य फंड २००८ मध्ये सुमारे ५५ टक्के पडले. १०० चे ४५ झाले की परत १०० व्हायला १२२ टक्के लागतात. त्यांनी जुना मार्क ओलांडला तो २०१२ च्या सुरुवातीला. तोवर त्या पैशावर परफॉर्मन्स फी नाही.

शंकासुर

सिटाडेलकडे मार्केट मेकिंगचा वेगळा धंदा होता, पगार द्यायला दुसरीकडून पैसा होता. ३०० कोटींच्या फंडाकडे काय असतं? फक्त ते २ टक्के.

रोकडनोंद

दोघांच्या मधला एक मार्ग काही परदेशी फंडांत असतो, सुधारित मार्क. तोट्यानंतर फी बंद होत नाही. निम्मी होते, पण तोट्याच्या दोन-अडीच पट कमाई होईपर्यंत निम्मीच राहते. आपल्या उदाहरणात हर्डल बाजूला ठेवलं तर तिसऱ्या वर्षी ३९.२ लाखांवर १० टक्के, ३ लाख ९२ हजार. साध्या मार्कने २ लाख ८० हजार झाली असती. म्हणजे त्या वर्षी जास्तच जाते. बदल्यात तोटा २५.२ लाख होता, त्याच्या अडीच पट म्हणजे ६३ लाख कमाई होईपर्यंत दर निम्माच राहतो. मॅनेजर दुकान बंद करत नाही आणि भरून काढायला वेडीवाकडी जोखीमही घेत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. पटतो की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मला निम्माच पटतो.

शंकासुर

तोट्यानंतर पैसे भरायचे, आणि त्याला सवलत म्हणायचं. उत्तम.

गुलमोहर७८

माझ्याकडे एआयएफ नाही, पीएमएस आहे, पण प्रश्न याच जातीचा आहे. घसरणीत ५० लाख वाढवले. जुना भाग मार्कच्या खाली आहे, नवा भाग वर गेलाय. यांनी नव्या ५० लाखांवर फी लावली. एकूण पोर्टफोलिओ तर अजून तोट्यात आहे. हे कसं चालतं?

रोकडनोंद

तुमचा करार हिस्सेवार मार्क धरतो की एकत्र, यावर आहे. वरचेच आकडे घेतो. जुने १००.८, मार्क १२६. त्यात ५० नवे घातले. दोन्ही १५ टक्के वाढले. जुने ११५.९२ झाले, मार्कखालीच. नवे ५७.५ झाले. हिस्सेवार धरलं तर नव्याचं हर्डल ५५, उरलेल्या अडीच लाखांवर ५० हजार फी. एकत्र धरलं तर मार्क १२६ अधिक ५०, म्हणजे १७६, आणि किंमत १७३.४२. फी शून्य.

पीएमएसमध्ये हाय वॉटर मार्क सेबीने सक्तीचा केलाय आणि तो ग्राहकाच्या पोर्टफोलिओच्या पूर्वी गाठलेल्या सर्वोच्च किमतीशी बांधलेला आहे. नंतर घातलेले पैसे वेगळे मोजायचे का, यावर तुमच्या करारातलं कलम बघा. त्याबद्दल काही लिहिलेलंच नसेल तर लेखी तक्रार करायला जागा आहे. आधी मॅनेजरकडे, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर.

आणि पैसे काढतानाही बघा. अर्धे काढले की मार्कही अर्धा व्हायला हवा: १२६ चा ६३. सॉफ्टवेअरने काढलेली रक्कम मार्कमधून नीट वजा केली नाही तर पुढची फी चुकते, आणि ही चूक मी मॅनेजरच्या बाजूने झालेलीही पाहिलीय, ग्राहकाच्या बाजूनेही.

मृण्मयी_एनजे

इकडे यासाठीच दर महिन्याला आलेल्या पैशाची वेगळी मालिका करतात, प्रत्येक मालिकेचा मार्क वेगळा. संपूर्ण फंडाला एकच मार्क असला की १००.८ ला आलेला नवा माणूस १२६ पर्यंतचे २५ टक्के फीविना घेऊन जातो. ते मॅनेजरला परवडत नाही, म्हणून त्याला मालिका हव्या असतात. पण त्याच मालिका गुलमोहर यांच्यासारख्या पैसे वाढवणाऱ्याला महाग पडतात.

दादरकर

फी वर्षातून एकदाच का, तिमाहीला घेतली तर काय फरक? शेवटी मार्क आहेच की.

रोकडनोंद

खूप फरक. पीएमएसमध्ये तिमाहीपेक्षा लवकर घेता येत नाही, पण तिमाही चालते. समजा पहिल्या तिमाहीत १०० चे ११५ झाले. तिमाहीचं हर्डल अडीच लाख, उरलेल्या साडेबारा लाखांवर फी अडीच लाख. ११२.५ राहिले. मग बाजार पडला आणि फी गेली नसती तर वर्षअखेर बरोबर १०० उरले असते. वार्षिक हिशेबात फी शून्य. तिमाहीत अडीच लाख गेले ते गेलेच, हातात ९७.८. मार्क ११२.५ ला लागला, म्हणजे पुढे तिथवर फी नाही, पण घेतलेली फी तो परत आणत नाही. त्याच वर्षी बाहेर पडलात तर त्या मार्कचा उपयोग काहीच नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. वर्षात एखाद्या मंगळवारी पोर्टफोलिओ १५० ला जाऊन आला म्हणून मार्क १५० होत नाही. मार्क लागतो तो फी घेण्याच्या तारखेच्या किमतीला.

अनवट

फंडाला ई-मेल केला होता, तीन वर्षांचे आकडे देऊन. उत्तर आलं. तिसऱ्या वर्षाची फी २ लाख ८० हजार अधिक जीएसटी. म्हणजे रोकडनोंद यांचा दुसरा प्रकार. कॅच-अप नाही. मार्क प्रत्येक गुंतवणूकदाराचा, प्रत्येक हप्त्याचा वेगळा. शेवटी एक ओळ आहे: "सर्व परतावे करपूर्व आहेत." याचा फीशी संबंध आहे का?

रोकडनोंद

आहे, आणि श्रेणी ३ मध्ये तो मोठा आहे. श्रेणी १ आणि २ मध्ये धंद्याचं उत्पन्न सोडलं तर कर गुंतवणूकदाराच्या हातात लागतो. श्रेणी ३ मध्ये फंडच कर भरतो आणि उरलेलं तुमच्याकडे येतं. आता पहिलं वर्ष पुन्हा बघा. ३० लाखांच्या नफ्यावर फंडाने समजा ५ लाख कर भरला. करपूर्व धरलं तर हर्डलवर २० लाख, फी ४ लाख. करोत्तर धरलं तर १५ लाख, फी ३ लाख. तुम्हाला तो ५ लाखांचा नफा मिळालेलाच नाही, पण त्यावर १ लाख फी गेली.

मार्कही करपूर्व किमतीला लावतात की करोत्तर, ते विचारा. दोन्ही आकडे वेगळे चालतात, आणि स्टेटमेंटवर करोत्तर एनएव्ही छापून फीचा हिशेब करपूर्व एनएव्हीवर केला असेल तर घरी बसून ताळा जुळणारच नाही.

दादरकर

पण मॅनेजरचं म्हणणंही चूक नाही. कर किती लागावा हे त्याच्या हातात नाही. त्याचं काम परतावा मिळवून देणं.

शंकासुर

शेअर किती दिवस ठेवायचा हे कुणाच्या हातात असतं? बारा महिन्यांच्या आत विकला की कर जास्त. तो निर्णय त्याचाच आहे ना?

रोकडनोंद

डेरिव्हेटिव्हवर चालणाऱ्या फंडात त्याला फारशी निवड नसते, शेअरवाल्यात असते. म्हणून फंड काय करतो त्यावर उत्तर बदलतं. अनवट, तुमचा फंड कुठला, शेअर की फ्युचर्स-ऑप्शन्स? आणि हर्डलचा आधार बदलून मागता येतो का, तेही विचारून बघा. मोठ्या रकमेला फंड कधीकधी वेगळा वर्ग देतात. १ कोटीला देतील असं वाटत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

अनवट

मिश्र आहे, निम्म्याहून जास्त फ्युचर्स. मार्क करपूर्व की करोत्तर हे विचारलंय, उत्तर आलं की इथेच टाकतो.

आबा_सांगली

मी आपला एफडीतच बरा. पण त्या एक्सेलच्या तीन ओळी नातवाला पाठवल्या. तो विचारतोय, B7 मध्ये दीड वर्ष असेल तर १.५ लिहायचं का?

रोकडनोंद

आबा, सूत्र चालेल. पण दीड वर्षाचं हर्डल चक्रवाढीने की दिवसांच्या प्रमाणात सरळ, ते पुन्हा करारातच बघावं लागेल. १२६ वर चक्रवाढीने १४५.३६ येतं, सरळ १५ टक्क्यांनी १४४.९.